मेळ्याची सूट सरकारने दिली, ती शोरूमने काढून घेतली

ग्वाल्हेरच्या व्यापार मेळ्यात गाडी घेतली की आजीवन रोड टॅक्सवर पन्नास टक्के सूट मिळते, हे आमच्या शहरातच नव्हे, तर भिंड, मुरैना आणि शिवपुरीकडेही घरोघरी ठाऊक आहे. ज्या वर्षी राज्य सरकार ही सूट जाहीर करते, त्या वर्षी लोक दिवाळीतली खरेदी पुढे ढकलतात आणि मेळ्याची वाट पाहतात. मीही तेच केले. माधवराव शिंद्यांच्या काळात, 1905 साली, सुरू झालेला हा मेळा इथल्या मराठी घरांना आपलाच वाटतो. त्याच मेळ्याच्या मैदानावर, शोरूमच्या सजवलेल्या मंडपात, पहिल्या कोटेशनवर विश्वास ठेवणाऱ्या माणसाला ज्या पद्धतीने लुटले जाते, त्याचा मला अतोनात संताप आला आहे आणि तो मी आकड्यांसह लिहिणार आहे.

मला मिळालेले पहिले कोटेशन छापील होते आणि त्यावर शोरूमचा शिक्का होता. 1197 सीसीची पेट्रोल गाडी, एक्स-शोरूम किंमत 8,00,000 रुपये, आरटीओचा खर्च 35,000, विमा 33,000, फास्टॅग 600, म्हणजे ऑन-रोड 8,68,600 रुपये. अॅक्सेसरीजच्या ओळीत ‘ऐच्छिक’ असे लिहिलेले होते. बँकेने कर्ज मंजूर केले ते याच कागदावर. गाडी आल्याचा निरोप मिळाल्यावर जे अंतिम बिल समोर ठेवले गेले, त्यात एक्स-शोरूम किंमत तीच होती, पण आरटीओचे 41,500, विम्याचे 46,800, ‘बेसिक किट’चे 24,900 आणि इतर खर्चाचे 5,500 झाले होते. एकूण 9,18,700. गाडी तीच, रंग तोच, मॉडेल तेच, आणि फरक 50,100 रुपयांचा!

माझ्या गाडीवर आठ टक्क्यांनी 64,000 रुपये रोड टॅक्स लागला असता. मेळ्यामुळे तो 32,000 झाला. म्हणजे सरकारने मला 32,000 रुपये सोडले आणि शोरूमने बाकीच्या ओळी फुगवून ते सगळे, वर आणखी 18,100 रुपये, स्वतःकडे वळवले. सूट ग्राहकाच्या नावाने जाहीर होते, तिच्या जाहिरातीचे फलक शहरभर लागतात, आणि पैसा मात्र भलत्याच खिशात जातो. सरकारी तिजोरीने सोडलेला पैसा अशा रीतीने मधल्यामध्ये पळवणे मला साध्या नफेखोरीपेक्षा कितीतरी वाईट वाटते.

आरटीओच्या आकड्यात वाढ होण्याला तर कसलाच आधार नाही. रोड टॅक्स ठरलेला असतो. खाजगी चारचाकीचे नोंदणी शुल्क 600 रुपये, कर्जाचा बोजा चढवण्याचे 1,500 आणि कार्डाचे 200, हे केंद्रीय मोटार वाहन नियमांतले दर आहेत. 32,000 मध्ये ते मिळवले तर 34,300 होतात. पहिल्या कोटेशनमधले 35,000 म्हणूनच रास्त होते. मग 41,500 कुठून आले, असे विचारल्यावर विक्रेत्याने सांगितले, “सर, मेले में काम जल्दी कराना पड़ता है।” हे जल्दीचे पैसे कोणाला दिले जातात, त्यांची पावती कोण देतो, यावर त्याच्याकडे उत्तर नव्हते. नोंदणीचा कर आणि शुल्क ‘वाहन’ पोर्टलवर भरले जाते आणि त्याची पावती निघते, त्यात प्रत्येक रक्कम वेगळी दिसते. मी ती पावती मागून घेतली. त्यावरची बेरीज 35,000 च्या आतच आहे. नवी गाडी घेणाऱ्या प्रत्येकाने ही पावती हातात घेऊन बिलातल्या आरटीओच्या ओळीशी ताडून पाहावी, कारण शोरूमची माणसे ती स्वतःहून कधीच दाखवत नाहीत.

विम्याची लबाडी यापेक्षा बारीक आहे आणि बहुतेक माणसे तिथेच फसतात, कारण विम्याचा कागद वाचायला कोणी वेळच देत नाही. नव्या चारचाकीला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदम घ्यावा लागतो. 1000 ते 1500 सीसीच्या गाडीसाठी तो 10,640 रुपये अधिक जीएसटी इतका सरकारनेच ठरवून दिलेला आहे आणि त्यात कोणतीही कंपनी एक रुपयाही कमी-जास्त करू शकत नाही. तेव्हा 33,000 चे 46,800 झाले, ते सगळे गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यात आणि त्यावर चढवलेल्या जादा कव्हरांत झाले. माझ्या पॉलिसीत झिरो डेप्रिसिएशन होते, ते मला हवेच होते. ते नसेल तर दाव्याच्या वेळी प्लास्टिक आणि रबराच्या भागांची निम्मी किंमत ग्राहकाच्या अंगावर पडते. पण त्याखाली किल्ली हरवण्याचे, टायरचे आणि प्रवासातल्या सामानाचे कव्हर मला न विचारता घातले होते. शिवाय मूळ हप्त्यावरची सवलत पहिल्या कोटेशनपेक्षा बरीच कमी केली होती. ही दुसरी गोष्ट दोन्ही कागद शेजारी ठेवल्याशिवाय लक्षातही येत नाही.

माझ्या पुतण्याने त्याच संध्याकाळी बाहेरून भाव काढला. तुलना करताना गाडीचे विमामूल्य, म्हणजे आयडीव्ही, सारखे धरणे महत्त्वाचे असते, नाहीतर ते कमी दाखवून हप्ता स्वस्त भासवता येतो. नव्या गाडीचे हे मूल्य शोरूम किमतीच्या 95 टक्के, म्हणजे माझ्या बाबतीत 7,60,000 रुपये होते. तेच मूल्य, तोच तीन वर्षांचा थर्ड पार्टी, तेच झिरो डेप्रिसिएशन आणि मालकाचे 15 लाखांचे अपघात कव्हर धरून दुसऱ्या कंपनीने 31,500 रुपये सांगितले. हा भाव पाहिल्यावर शोरूमचा व्यवस्थापक म्हणाला की बाहेरचा विमा घेतलात तर आमच्याकडे कॅशलेस दुरुस्ती मिळणार नाही आणि नोंदणीलाही उशीर होईल. यातली एकही गोष्ट त्याने लिहून द्यायला तयारी दाखवली नाही. कॅशलेस दुरुस्ती विमा कंपनी आणि वर्कशॉप यांच्यातल्या करारावर ठरते. ज्या कंपनीचा भाव आम्ही आणला होता, तिचे नाव त्याच शोरूमच्या वर्कशॉपमधल्या फलकावर लिहिलेले होते! ग्राहकाने विमा कुठून घ्यावा हे ठरवण्याचा अधिकार शोरूमला नाही, आणि विमा नियामकाने शोरूमांना विमा विकण्याची मुभा देताना सक्ती करण्याची मुभा मुळीच दिलेली नाही.

‘बेसिक किट’बद्दल काय लिहावे! पायाखालच्या मॅट, मडफ्लॅप, खिडक्यांवरचे व्हायझर, सीट कव्हर आणि टेफ्लॉन कोटिंग, या सगळ्याचे 24,900 रुपये. मी यांतले काहीही मागितले नव्हते. “गाडी यार्डातून फिटिंग करूनच येते,” असे मला सांगितले गेले. याच दर्जाची सीट कव्हरे आणि मॅट शहराच्या लष्कर भागातल्या दुकानांत याच्या निम्म्याहून कमी पैशांत बसवून मिळतात. शिवाय बँकेचे कर्ज पहिल्या कोटेशनवर मंजूर झालेले असल्यामुळे हा सगळा वाढीव पैसा आपल्याला घरातून, आयत्या वेळी काढावा लागतो. एक वस्तू घेतल्याशिवाय दुसरी मिळणार नाही अशी अट घालणे हे 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे निर्बंधक व्यापारी प्रथेत मोडते. शोरूमवाल्यांना हे ठाऊक नाही असे मी मानायला तयार नाही. ठाऊक आहे म्हणूनच पहिल्या कागदावर ते ‘ऐच्छिक’ असे लिहितात.

इतर खर्चातल्या 5,500 मध्ये 4,000 रुपये ‘हँडलिंग’चे होते. कंपनीने ठरवलेल्या शोरूम किमतीत गाडी शोरूमच्या दारापर्यंत येते, मग तिथून माझ्या हातात किल्ली ठेवण्याचे वेगळे 4,000 कशाचे? आणखी 900 रुपये नंबर प्लेटचे लावले होते. 1 एप्रिल 2019 पासून नव्या गाडीची उच्च सुरक्षा नंबर प्लेट गाडीच्या निर्मात्यानेच पुरवायची आहे आणि तिचा खर्च गाडीच्या किमतीतच धरलेला असतो.

कोणी म्हणेल की इतके कळत होते तर गाडी नाकारायची. इथेच या फसवणुकीचा खरा फास आहे. सूट मिळायची तर गाडी मेळ्याच्या मुदतीतच विकली गेली पाहिजे आणि ग्वाल्हेरच्या आरटीओत तिची नोंदणीही त्याच मुदतीत झाली पाहिजे. शोरूमवाले बुकिंग आधी घेतात, गाडी ‘वाटेत आहे’ म्हणून सांगत राहतात आणि अंतिम बिल मेळ्याचे थोडेच दिवस उरले असताना पुढे करतात. तेव्हा दुसऱ्या शोरूमकडे जायला वेळ नसतो, तिथे ते मॉडेल मिळेलच याची खात्री नसते आणि बुकिंगची रक्कमही अडकलेली असते. सौदा मोडला तर 32,000 ची सूट जाते, आणि मान्य केला तर 50,100 जातात. सूट वाचवण्याच्या घाईत माणूस सही करतो आणि हे त्यांना पक्के ठाऊक असते. ‘किंमत डिलिव्हरीच्या दिवशीची लागू राहील’ असे कोटेशनच्या तळाशी बारीक अक्षरांत छापलेले असते आणि प्रत्येक वाढीला तेच वाक्य दाखवले जाते. पण ते वाक्य कंपनीने गाडीची किंमत किंवा सरकारने कराचा दर बदलला तरच लागू होऊ शकते. माझ्या बाबतीत या दोन्ही गोष्टी जशाच्या तशा होत्या.

मी सही केली नाही. प्रत्येक वाढीव ओळीचे कारण शोरूमच्या ईमेलवरून लेखी द्यावे, अशी मागणी मी व्यवस्थापकाकडे ईमेलनेच केली आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 क्रमांकावर तक्रार नोंदवून तिचा क्रमांक त्यात घातला. त्यानंतर हँडलिंग आणि नंबर प्लेटचे पैसे निघाले आणि बाहेरून घेतलेला विमा स्वीकारला गेला. कॅशलेसचा आणि उशिराचा विषय पुन्हा कोणी काढला नाही. यावरूनच त्या धमक्यांत किती तथ्य होते ते दिसते. सीट कव्हर आणि मॅट काढून घेतल्या. टेफ्लॉन, मडफ्लॅप आणि व्हायझर ‘आता लागले’ म्हणून त्यांचे 9,800 रुपये मात्र मुदत संपत आल्यामुळे मला भरावे लागले आणि ते मी लेखी हरकत नोंदवून भरले. आरटीओच्या नावाखाली घेतलेले जादा 6,500 रुपये ‘हिशेब झाल्यावर परत करू’ असे आश्वासन मिळाले होते. नोंदणी झाली, पावती निघाली, मेळाही उठला, पण ते पैसे अजून आलेले नाहीत. पहिले कोटेशन, अंतिम बिल आणि ‘वाहन’ पोर्टलची पावती या तिन्हींच्या प्रती जोडून मी जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज देत आहे, आणि त्यात 6,500 रुपयांबरोबर न मागता बसवलेल्या किटचे 9,800 रुपयेही मागितले आहेत.