वहिनींचं पार्लर आणि माझी साहित्यसेवा

आमच्या वहिनींचं सांगलीला ब्यूटी पार्लर आहे. एका सोमवारी, म्हणजे पार्लरच्या सुट्टीला, त्यांनी माझ्यापुढे पोह्यांची बशी ठेवली. वर ओलं खोबरं नेहमीपेक्षा दुप्पट. तिथंच मी सावध व्हायला हवं होतं.

"भावजी, तुम्ही मराठीत एम.ए. ना? मग गूगलवर माझ्या पार्लरखाली टाकायला एक पोस्ट लिहून द्या. वाचली की बाईनं फोनच केला पाहिजे."

पोस्टमध्ये दीड हजार अक्षरं मावतात असं कळलं. पहिल्या परिच्छेदात निसर्ग, दुसऱ्यात स्त्री, तिसऱ्यात तुकतुकीत त्वचा अशी मी त्यातली जवळजवळ सगळी वापरली, आणि शेवटी वहिनींचा मोबाइल नंबर दोनदा टाकला. थोड्या वेळात पोस्ट नामंजूर होऊन परत आली. वहिनींचा संशय तुकतुकीत त्वचेवर होता. पण गुन्हेगार होता नंबर. पोस्टच्या मजकुरात फोन नंबर लिहिला तर गूगल ती अडवू शकतं. फोनसाठी खाली `Call now` हे बटण लावायचं असतं.

नंबर काढला, बटण लावलं, पोस्ट लागली. वहिनींनी आपल्या मोबाइलवर पार्लरचं नाव शोधलं आणि मोठ्यानं वाचलं, "सौंदर्य ही निसर्गाची देणगी..." पुढे तीन टिंबं. बाकीचा मजकूर बघायला पोस्टवर बोट टेकावं लागत होतं.

"देणगी एवढंच दिसतंय, भावजी. लोकांना वाटेल गणेश मंडळाची पावती फाडायला आलोय."

वाईट वाटलं, पण बाई बरोबर बोलत होत्या. जे काही सांगायचं ते पहिल्या ओळीतच यायला हवं होतं. पण सांगायचं काय? म्हणून मी अपॉइंटमेंटची वही मागितली. शनिवारच्या पानावर मुंगीलाही जागा नव्हती. समासातसुद्धा आयब्रो घुसल्या होत्या. बुधवारी दुपारी मात्र एकच नोंद: 'पाण्याचे जार २'. म्हणजे जाहिरात पार्लरची नव्हे, बुधवारच्या दुपारची करायची होती.

मग विचारलं, फोनवर बायका काय विचारतात? किती पैसे, किती वेळ, आणि बसून राहावं लागेल का. झालं की मग! तीन प्रश्नांची उत्तरं एकापुढे एक लिहिली:

"बुधवारी दुपारी १२ ते ४ : हेअरकट, वॉश आणि ब्लो ड्राय ५०० रुपयांत, पाऊण तासात. आधी फोन करून वेळ धरा, आल्या आल्या खुर्ची मिळेल."

वहिनींना त्यात 'भव्य', 'सर्वोत्तम' आणि 'आजच संपर्क साधा' हवं होतं. भव्य काय, तर दोन खुर्च्या आणि एक आरसा. आणि 'आजच' कुणी सोमवारी वाचलं तर कुलूप. फोटोसाठी त्यांनी एका नटीचं चित्र काढून ठेवलं होतं. ते नाकारून मी त्यांच्याच खुर्चीचा फोटो काढला. टॉवेल तेवढा बदलायला लावला.

मंगळवारी पोस्ट लागली. बुधवारी दुपारी पार्लरमधला फोन वाजला नाही. दोन वाजले, अडीच वाजले. वहिनींच्या नजरेत माझी एम.ए.ची पदवी वितळायला लागली होती. तेवढ्यात दादाचा बँकेतून फोन आला.

"अरे, सकाळपासून चार बायकांचे फोन आले. एकीनं तर मॅनेजरसमोर विचारलं, ब्लो ड्राय म्हणजे नक्की काय करता."

पार्लरचं गूगलवरचं प्रोफाइल दादानं तीन वर्षांपूर्वी स्वतःच्या नंबरावरून सुरू केलं होतं. बटण पोस्टमधलं काही वाचत नाही. प्रोफाइलवर जो नंबर आहे, तोच लावतं. पोस्ट लावण्याआधी बटण स्वतः दाबून बघायचं, एवढं काही एम.ए.ला शिकवत नाहीत.

वहिनींचा नंबर टाकावा, तर त्यांचे हात सदा मेंदीत नाहीतर ब्लीचमध्ये. शेवटी मदतनीस मुलीचा नंबर दिला. तो प्रोफाइलवर दिसेपर्यंत दादाच बुकिंग घेत राहिला. स्लिपांच्या पाठीवर स्वच्छ अक्षरात नाव, वेळ, काम.

रात्री जेवताना तो म्हणाला, "एकीनं आयब्रोचे किती विचारलं. मी साठ सांगितले."

"साठ? अहो, चाळीस आहेत!"

"मग, आली का ती?"

वहिनींनी वही उघडली. आली होती. साठ देऊन गेली होती.

त्या रात्री पार्लरच्या दरपत्रकात खाडाखोड झाली. माझ्या मानधनाचा विषय मात्र अजून पोह्यांवरच आहे.