पँटोनने सांगितलं म्हणून रंग चालत नाही

“पँटोनवाले डिसेंबरात एक रंग जाहीर करतात आणि पुढच्या वर्षी सगळ्या दुकानांत तोच दिसतो. परदेशात बंद खोलीत चार माणसं बसून ठरवतात, कंपन्या मुकाट्याने तेच बनवतात आणि आपण मेंढरांसारखे तेच विकत घेतो. ट्रेंड वगैरे काही नसतं, सगळं आधीच ठरलेलं असतं.” (सध्या फिरत असलेला फॉरवर्ड)

आधी तारखा बघू. ‘पीच फझ’ हा २०२४ चा रंग पँटोन या अमेरिकी रंगकंपनीने जाहीर केला डिसेंबर २०२३ मध्ये. उन्हाळ्याचे कपडे दुकानात लागतात फेब्रुवारी-मार्चमध्ये. तिथून उलटं मोजत या. दुकानात येण्याआधी माल शिवून, तपासून, खोक्यांत भरून निघालेला असतो. शिलाईच्या आधी कापड रंगवून तयार लागतं. रंगवण्याच्या आधी ‘लॅब डिप’ मंजूर व्हावी लागते, म्हणजे रंगाई कारखाना मागितलेल्या छटेत एक छोटा तुकडा रंगवून पाठवतो, खरेदीदार तो वेगवेगळ्या दिव्यांखाली बघतो आणि ‘जरा पिवळा मारतोय, पुन्हा करा’ म्हणत दोन-तीन फेऱ्या तरी घालायला लावतो. आणि या सगळ्याच्या आधी कापड निवडलेलं असतं. पॅरिसच्या ‘प्रीमिएर व्हिजन’ या कापडाच्या व्यापारी प्रदर्शनात २०२४ च्या वसंत-उन्हाळ्याची कापडं मांडली गेली ती फेब्रुवारी २०२३ मध्ये. म्हणजे पँटोनची घोषणा झाली तेव्हा त्या उन्हाळ्याचा बराचसा माल शिवूनही झाला होता.

मग पँटोन करतं काय? तिचा खरा धंदा रंग ओळखण्याच्या क्रमांकांचा आहे. १९६३ साली छपाईसाठी तिने क्रमांकांची पद्धत आणली आणि पुढे कापडासाठीही. तिरुपूरच्या रंगाईवाल्याला फोनवर ‘फिकट पीच हवाय’ सांगून काहीच कळत नाही. ‘१३-१०२३’ सांगितलं की त्याच्याकडच्या संचात तोच नमुना निघतो. वर्षाचा रंग २००० सालापासून जाहीर होऊ लागला, आणि ती प्रामुख्याने प्रसिद्धी आहे. मोबाइलची कव्हरं, नेलपॉलिश, जाहिराती असा झटपट निघणारा माल त्या घोषणेच्या मागे धावतो, हे खरं. कपडे धावू शकत नाहीत.

आता ती बंद खोली. खोल्या आहेत, आणि एकाहून जास्त आहेत. सगळ्यात जुन्यांपैकी एक अमेरिकेतली. पहिल्या महायुद्धाच्या आधी तिथल्या गिरण्या पॅरिसहून येणाऱ्या रंगपत्रिकांवर आणि जर्मनीहून येणाऱ्या रंगद्रव्यांवर चालायच्या. युद्धाने दोन्ही तोडलं. तेव्हा गिरणीवाल्यांनी आणि व्यापाऱ्यांनी संघटना काढून स्वतःची रंगपत्रिका छापायला सुरुवात केली. गरज अगदी व्यवहारी होती. टोपी एका कारखान्यात बनते, हातमोजे दुसऱ्या, बूट तिसऱ्या. बाईला तिन्ही एकमेकांना शोभणारे हवे असतील, तर तिघांनी आधी एकाच छटेबद्दल बोलायला हवं. रंगसमितीचं मूळ काम हे आहे.

आज देशोदेशीचे रंगतज्ज्ञ ज्या ‘इंटरकलर’मध्ये भेटतात, ती १९६३ पासून चालू आहे. वर्षातून दोनदा, मोसमाच्या सुमारे दोन वर्षं आधी बैठक होते. प्रत्येक देशाचा गट आपली रंगपट्टी घेऊन येतो, सोबत सूत, कापडाचे तुकडे, फोटो आणि ‘आम्हाला हे का वाटतं’ याचं टिपण. मग सगळं टेबलावर मांडून कुठे जुळतंय ते बघतात. निघणारं उत्तर ‘यंदा निळा’ असं कधीच नसतं. ‘निळा हिरव्याकडे झुकतोय’, ‘राखाडीत ऊब येतेय’, अशी दिशा असते. ती कुणावर बंधनकारक नाही. एखाद्या कंपनीने ती धुडकावली तर तिला कुणी विचारतही नाही.

मग इतक्या लोकांचं एकमत होतंच कसं, ही शंका रास्त आहे, आणि कट असल्याचा संशय इथूनच येतो. हर्बर्ट ब्लूमर नावाच्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने पॅरिसमध्ये नेमकं हेच निरखलं आणि १९६९ मध्ये लिहिलं. एका मोठ्या फॅशन हाउसच्या सादरीकरणात शंभराहून जास्त डिझाइन मांडली जायची, समोर शे-दोनशे खरेदीदार. सगळे एकमेकांचे स्पर्धक, आपण काय घेतलं ते कुणालाही न सांगणारे. तरी बहुतेकांची निवड सहा-आठ डिझाइनवर येऊन ठेपायची. गंमत पुढे आहे. हाउसच्या व्यवस्थापकांना त्यातली तीसेक संभाव्य डिझाइन ओळखता यायची, पण नेमकी ती सहा-आठ कोणती, हे त्यांनाही आधी सांगता यायचं नाही. ठरवून केलेला खेळ असता तर निदान मालकाला तरी निकाल ठाऊक असता! ब्लूमरने खरेदीदारांना विचारलं, तेव्हा कळलं की सगळे तीच मासिकं वाचतात, तीच दुकानं आणि तेच ग्राहक रोज न्याहाळतात. सारखं बघणाऱ्यांची नजर सारखी घडते.

‘कंपन्या मुकाट्याने बनवतात’ हे वाक्य लिहिणाऱ्याने कुठल्याही खरेदीदाराचं टेबल पाहिलेलं नाही, असं माझं मत. कारण रंगसमितीचा अंदाज हातात आला की खरी झटापट सुरू होते, आणि ती पैशांची असते. एक काल्पनिक हिशेब मांडतो. कुर्ती ५०० रुपयांना पडते, ८०० ला विकली जाते, आणि मोसम संपल्यावर उरली तर २०० ला काढावी लागते. विकली की ३०० मिळाले, उरली की ३०० गेले. आता नव्या रंगाच्या १,००० कुर्त्या घेतल्या आणि ७०० खपल्या, तर २ लाख १० हजार आले, ९० हजार गेले, हातात १ लाख २० हजार. त्याच १,००० पैकी ३०० च खपल्या, तर उलट १ लाख २० हजारांचा खड्डा. समितीच्या रंगपत्रिकेत तो रंग कितीही देखणा दिसो, खड्डा खरेदीदाराच्या नावावर पडतो.

म्हणून शहाणा खरेदीदार सगळा पैसा नव्या रंगावर लावत नाही. मोठा भाग पांढरा, काळा, गडद निळा यांत जातो. मधला भाग गेल्या मोसमात हळूहळू चढत गेलेल्या छटांत, आणि उरलेला छोटा तुकडा नव्या रंगावर, तोही निवडक दुकानांत. इथे एक अडचण हमखास येते. रंगाई कारखाना ठरावीक वजनाखाली लॉट घेत नाही, त्यामुळे ‘पन्नास नग करून बघू’ म्हणता येत नाही. मग तोच रंगलेला तागा कुर्ती, दुपट्टा, पँट यांत वाटून जोखीम पसरवतात.

दुसरा मार्ग रंग शेवटपर्यंत लांबणीवर टाकण्याचा. इटलीच्या बेनेटनने तो १९७० च्या दशकात गाजवला. लोकर आधी रंगवून मग विणायची, ही रीत त्यांनी बऱ्याच मालापुरती उलटी केली. स्वेटर बिनरंगाचे विणून ठेवायचे आणि मोसमात काय खपतंय ते कळल्यावर रंगवायचे. ही पद्धत महाग पडते. दोन वर्षं आधी ठरलेला रंग हमखास खपत असता, तर हा जादा खर्च त्यांनी कशाला केला असता? आपल्या इचलकरंजी-भिवंडीच्या मागांवरून निघणारं बिनरंगाचं ग्रे कापडही व्यापाऱ्याला हीच मोकळीक देतं: कापड हातात, रंगाचा निर्णय नंतर.

तिसरं उदाहरण मला सगळ्यात आवडतं. अमेरिकेतल्या अ‍ॅस्पेनची स्पोर्ट ओबरमेयर ही बर्फातले कपडे बनवणारी कंपनी. तिथली खरेदी समिती आधी चर्चा करून एकच आकडा काढायची. १९९० च्या दशकात काही प्राध्यापकांबरोबर काम करताना त्यांनी पद्धत बदलली. प्रत्येक सदस्याने एकमेकांना न विचारता, प्रत्येक जॅकेट किती खपेल याचा आपला आकडा लिहायचा. ज्या जॅकेटवर सगळ्यांचे आकडे जवळजवळ आले, तिथे अंदाज बहुधा बरोबर निघायचा. जिथे आकडे पांगले, तिथे तो चुकायचा. मग जवळच्या आकड्यांचा माल आधी शिवायला टाकायचा, आणि पांगलेल्यांचा दुकानदारांच्या पहिल्या ऑर्डरी येईपर्यंत थांबवायचा. समितीतला मतभेद हाच जोखमीचा मापक झाला. चर्चा करून एकमत घडवलं की हा मापक हरवतो, कारण सगळ्यात मोठ्या आवाजाचा माणूस जिंकतो.

राहता राहिली मेंढरं. १९७० मध्ये अमेरिकेतल्या ‘विमेन्स वेअर डेली’ या धंद्यातल्या बलाढ्य दैनिकाने आणि त्याचे प्रमुख जॉन फेअरचाइल्ड यांनी मिनी स्कर्ट संपला, आता पोटरीपर्यंतचा मिडी येणार, असा धोशा लावला. दुकानांनी माल भरला. बायकांनी तो घेतला नाही. विरोधासाठी गट निघाले, मोर्चे निघाले, आणि बऱ्याच जणींनी लांबीचा वादच नको म्हणून सरळ पँट घालायला सुरुवात केली. मिडी पडून राहिले. डिझायनर, दैनिक आणि दुकानं तिन्ही एका बाजूला असतानाही हे झालं.

कुणी म्हणेल, नवरात्रात तर लोक नऊ दिवस नेमून दिलेलेच रंग घालतात. घालतात, आणि वर्तमानपत्रांनी रूढ केलेली ती यादी हे रंग सांगून नेसवण्याचं दुर्मीळ यशस्वी उदाहरण आहे. पण त्यातले रंग बघा: पिवळा, हिरवा, लाल, पांढरा. कपाटात आधीच असलेल्या साड्या. त्या यादीत एखादी अनोळखी छटा घालून बघा म्हणजे कळेल.

म्हणूनच अंदाज सांगणारे रस्त्यावर उभे राहतात. न्यूयॉर्कमध्ये वर्तमानपत्राचे छायाचित्रकार बिल कनिंगहॅम वर्षानुवर्षं सायकलवरून फिरून, फिफ्थ अ‍ॅव्हेन्यूच्या कोपऱ्यावर तासन्‌तास उभं राहून लोकांचे फोटो काढत आणि एकाच गोष्टीची अनेक छायाचित्रं शेजारी शेजारी छापत. एक विचित्र टोपी म्हणजे एका माणसाची हौस; तीच टोपी एकमेकांना न ओळखणाऱ्या बाराजणांच्या डोक्यावर दिसली तर ती नोंद. या पद्धतीलाही मर्यादा आहेत. फॅशन शोच्या दारात दिसणारे कपडे हल्ली अनेकदा कंपन्यांनीच दिलेले असतात, त्यामुळे तिथे मोजलं तर कंपनीची इच्छाच लोकांची आवड म्हणून नोंदली जाते. टोकियोच्या हाराजुकूतल्या पोरांचे कपडे टिपणारं ‘फ्रूट्स’ मासिक १९९७ पासून चाललं आणि २०१७ मध्ये बंद झालं. संपादकांनी कारण दिलं की टिपण्यासारखी पोरंच उरली नाहीत.

फॉरवर्डमध्ये एक गोष्ट खरी आहे. पुढच्या मोसमाचे रंग सांगणाऱ्या एकाच अंदाज कंपनीचे वर्गणीदार वाढले की दुकानांतली निवड आकुंचन पावते. तुम्हाला मोहरी रंग हवा असतो आणि चार दुकानांत तो नसतोच. काय मांडलं जाईल यावर समित्यांचा प्रभाव आहे. काय उचललं जाईल यावर तो फार कमी आहे, आणि याचा पडताळा तुम्ही स्वतः घेऊ शकता. मोसम संपतानाच्या सेलमध्ये जा आणि किंमत न बघता रंग आणि माप बघा. एखाद्या रंगात फक्त अगदी लहान आणि अगदी मोठी मापं उरली असतील, तर तो रंग खपला, मापांचा हिशेब चुकला. एकाच रंगात सगळी मापं जशीच्या तशी लटकत असतील, तर अंदाज चुकलाय तो रंगाचा.