मॉड-१० काउंटर आणि तो 'येतच नाही' म्हणणारा मेसेज

"सिंक्रोनस मॉड-१० मध्ये १० ते १५ या स्टेट्स कधी येतच नाहीत, म्हणून के-मॅपमध्ये एक्स टाका आणि पुढे चला. भीती वाटत असेल तर एक्सच्या जागी शून्य टाका, काउंटर शून्यावर येतो. अडकलाच तरी एक-दोन क्लॉकमध्ये आपोआप परततो. चेक करण्यात वेळ घालवू नका."

हा मेसेज माझ्या भाचीला तिच्या वर्गाच्या ग्रुपवर मिळाला. मला कळला तेव्हा ती जेल रोडवरून ७४७६ ची दुसरी जोडी आणून बसली होती. पहिली जोडी खराब निघाली, असा तिचा समज. डिस्प्लेवर आकड्यांऐवजी चित्रविचित्र आकार फिरत होते आणि मधूनच तो कोरा होत होता. चिप बदलली तरी तेच. अगं, चिप कशाला खराब असेल?

पहिला मुद्दा झटपट. सप्लाय दिला की चार फ्लिप-फ्लॉप १६ पैकी कुठल्याही स्टेटमध्ये उठू शकतात. रिसेट लावला तर सुरुवात सुधारते, हे खरं. पण चालता चालता एखादा सैल जंपर हलला किंवा शेजारच्या ट्यूबलाइटच्या चोकने झटका दिला, तर तेव्हा रिसेट कोण दाबणार? ज्यांना 'येतच नाहीत' वाटतं त्यांनी सीडी ४०१७ ची डेटाशीट उघडावी. तोही दहापर्यंत मोजणारा, पण आत पाच फ्लिप-फ्लॉप, म्हणजे ३२ पैकी २२ स्टेट्स बिनकामाच्या. त्यात अँटी-लॉक गेटिंग मुद्दाम दिलं आहे, मोजणीचा क्रम नीट राहावा म्हणून, असं तिथे लिहिलेलं आहे. न येणाऱ्या स्टेट्ससाठी कोणी सिलिकॉनवर गेट्स खर्च करत नाही.

आता ते शून्याचं. खरा घोळ इथेच आहे. डी फ्लिप-फ्लॉपमध्ये हा सल्ला चालतो: डीला शून्य दिलं की पुढची स्टेट शून्य, म्हणजे बिनकामाच्या सहाही स्टेट्स एका क्लॉकमध्ये ०००० वर. पण भाचीचा काउंटर ७४७६ चे जे आणि के जोडून केलेल्या टी फ्लिप-फ्लॉपचा. तिथे शून्याचा अर्थ 'शून्य हो' असा नाही, 'आहेस तसा राहा' असा आहे! बाकीचे नकाशे तिने नेहमीसारखे सोडवले. शेवटच्यात गट जमेना, म्हणून तिथे सल्ला पाळला:

```
T0 = 1
T1 = Q3'·Q0
T2 = Q1·Q0
T3 = Q3'·Q2·Q1·Q0 + Q3·Q2'·Q1'·Q0
```

० ते ९ पर्यंत हे बिनचूक चालतं, म्हणून तर शंका येत नाही. आता १० घ्या, म्हणजे १०१०. फक्त शेवटचा बिट उलटतो, झाले ११. ११ म्हणजे १०११: T0 एक, T1 शून्य कारण वरचा बिट एक आहे, T2 एक, T3 शून्य. उलटले फक्त Q0 आणि Q2. आलं १११०, म्हणजे १४. तिथून १५. १५ वर पुन्हा Q0 आणि Q2 उलटतात आणि आपण परत १० वर. १०, ११, १४, १५, १०... वीज जाईपर्यंत. १२ आणि १३ तर एकमेकांकडेच येरझारा घालतात. सहापैकी एकही स्टेट सुटत नाही. डिस्प्लेला ७४४७ असल्यामुळे १०, ११, १४ ला विचित्र आकार आणि १५ ला कोरा. हेच तिला दिसत होतं.

'एक-दोन क्लॉकमध्ये परततो' हे, नाइलाजाने, अर्धं मान्य. एक्स नीट वापरून गट केले तर

```
T3 = Q2·Q1·Q0 + Q3·Q0
```

येतं. मग १० वरून ११ आणि ६, १२ वरून १३ आणि ४, १४ वरून १५ आणि २. दोन क्लॉकमध्ये सुटका, वर गेट्सही कमी. पण हे त्या गटांनी दिलं, काउंटरच्या स्वभावाने नाही. शिवाय परतला तरी मोजणी चुकलेलीच असते. दहम स्थानासाठी Q3·Q0 चा कॅरी काढला असेल, तर ११, १३, १५ वरही तो खोटा निघतो.

आणि चेक करायला वेळ किती लागतो? कागदावर सहा ओळी. बोर्डवर त्याहून सोपं: ७४७६ ला प्रीसेट आणि क्लिअर दोन्ही पिना आहेत (७४७३ ला प्रीसेट नाही, तिथे अडेल). Q3, Q1 चे प्रीसेट आणि Q2, Q0 चे क्लिअर क्षणभर ग्राउंडला लावा की १० तयार. मग सगळे सोडा आणि एकेक क्लॉक द्या.

भाचीने T3 ची वायरिंग बदलून असंच केलं. विचित्र आकार, दुसरा विचित्र आकार, मग ६. "मामा, मग त्या पहिल्या चिप्स?" त्या परत सॉकेटमध्ये लावल्या. चालल्या.