रीसेट कोणाचं, यापेक्षा पॅकेट कुठवर पोचलं ते पाहा

क्लायंट-सर्व्हर कनेक्शन तुटण्याचा दोष मी फायरवॉलला दिला, त्यावर आलेली प्रतिक्रिया: «कॅप्चरमध्ये रीसेट क्लायंटच्याच आयपीवरून गेलेलं स्पष्ट दिसतंय, तरी तुम्ही खापर फायरवॉलवर फोडता. रिट्रान्समिशन म्हणजे नेटवर्क स्लो आहे, त्यात वाचण्यासारखं आणखी काय असतं? क्लायंटचा टाइमआउट वाढवा, विषय संपला.»

रीसेट क्लायंटनेच पाठवलं, यात वादच नाही. पण ते कधी पाठवलं ते बघा. आधी हा फिल्टर लावून फक्त त्या एकाच कनेक्शनमधली रिट्रान्समिशन आणि रीसेट समोर ठेवा (क्रमांक तुमच्या कॅप्चरमधला घाला):

```
tcp.stream eq 12 && (tcp.analysis.retransmission || tcp.flags.reset == 1)
```

कनेक्शन साधारण ६४० सेकंद शांत होतं. मग क्लायंटने एक क्वेरी पाठवली. तिला उत्तर नाही, पोच म्हणून येणारा साधा ॲकही नाही. सुमारे ०.२ सेकंदांनी तेच सेगमेंट पुन्हा गेलं आणि त्यानंतर दर वेळी थांबण्याचा काळ दुप्पट होत गेला: ०.४, ०.८, १.६, ३.२ सेकंद. ३० सेकंदांवर ॲप्लिकेशनचा टाइमआउट संपला, लायब्ररीने सॉकेट सक्तीने बंद केलं आणि तेव्हा कुठे रीसेट गेलं. म्हणजे कनेक्शन तुटलं ते रीसेटच्या निदान ३० सेकंद आधी. क्लायंटने फक्त वाट पाहणं सोडलं.

नेटवर्क नुसतं स्लो असतं तर उशिरा का होईना, ॲक आला असता. इथे त्याच सिक्वेन्स नंबरचं सेगमेंट पुन्हा पुन्हा जातंय आणि समोरून एकही पॅकेट येत नाही. हे सावकाश चालणं नव्हे, वाट पूर्ण बंद असणं आहे.

पण ही वाट कुठे बंद आहे ते क्लायंटकडच्या कॅप्चरवरून कळत नाही आणि माझा सगळा भर याच मुद्द्यावर आहे. क्वेरी सर्व्हरपर्यंत पोचलीच नाही, किंवा क्वेरी पोचली पण सर्व्हरचा ॲक परत येताना हरवला, या दोन्ही वेळी क्लायंटच्या बाजूने दिसणारं चित्र हुबेहूब सारखं असतं. म्हणून त्याच वेळी सर्व्हरवरही कॅप्चर सुरू ठेवावं लागतं. तिथे प्रत्येक रिट्रान्समिशन येताना दिसलं आणि सर्व्हर दर वेळी ॲक पाठवताना दिसला, तर परतीची वाट तुटली आहे. या प्रकरणात सर्व्हरवर शेवटचं पॅकेट शांततेच्या आधीचं होतं. त्यानंतर क्वेरी नाही, एकही रिट्रान्समिशन नाही आणि क्लायंटचं ते रीसेटसुद्धा नाही. `ss -tn` मध्ये सर्व्हरवर ते कनेक्शन अजून ESTAB दाखवत होतं. ज्या सर्व्हरला काही कळलंच नाही, त्याला दोष कसा देणार?

मग मधल्या रस्त्याचे अर्धे-अर्धे भाग करत तपासत जायचं. फायरवॉलच्या आतल्या आणि बाहेरच्या दोन्ही इंटरफेसवर कॅप्चर घेतलं. क्लायंटकडच्या बाजूने सेगमेंट आत शिरताना दिसलं, सर्व्हरकडच्या बाजूने बाहेर पडताना दिसलं नाही. फायरवॉलवर निष्क्रिय टीसीपी सेशनची मुदत ६०० सेकंद होती. ती उलटल्यावर सेशनची नोंद पुसली गेली. पुढे आलेल्या पॅकेटला नोंद सापडेना आणि ते कनेक्शन सुरू करणारं सिन पॅकेट नसल्यामुळे नवी नोंदही होईना, म्हणून ते गुपचूप टाकून दिलं जात होतं.

आता टाइमआउट वाढवण्याचं बघू. नोंद पुसल्यावर कितीही वेळा पाठवलं तरी सेगमेंट त्याच जागी पडतं. लिनक्सची मूळ सेटिंग `tcp_retries2 = 15` असेल, तर कर्नल साधारण १५ मिनिटं प्रयत्न करून मग हात टेकतो. वापरणारा मात्र तेवढा वेळ अडकून राहतो. उपाय आहे तो कनेक्शन त्या मुदतीइतकं शांत राहू न देणं. लिनक्सवर कीपअलाइव्हची पहिली तपासणी ७२०० सेकंदांनी होते, ती इथे निरुपयोगी आहे:

```
sysctl -w net.ipv4.tcp_keepalive_time=300
```

याने काम भागतं, पण ॲप्लिकेशनने त्या सॉकेटवर `SO_KEEPALIVE` चालू केलेलं असेल तरच. हा बदल केल्यावर त्याच क्लायंटवर पुन्हा कॅप्चर घेतलं, तर दर ३०० सेकंदांनी कीपअलाइव्ह आणि लगेच त्याचा ॲक दिसला. ६४० सेकंदांनंतरची क्वेरी पहिल्याच प्रयत्नात पोचली.

एक सावधगिरी मात्र घ्या. स्विचवर मिरर पोर्ट लावून कॅप्चर घेतलं असेल, तर तेच पॅकेट दोनदा टिपलं जाऊ शकतं आणि वायरशार्क त्याला रिट्रान्समिशन म्हणतो. `ip.id` चा कॉलम लावा. दोन्ही ओळींत आकडा तोच आणि मधलं अंतर काही मायक्रोसेकंदांचं असेल, तर ती मिररची नक्कल आहे. लिनक्सने खरोखर पुन्हा पाठवलेल्या सेगमेंटवर सहसा नवा आकडा असतो आणि अंतर निदान काही मिलिसेकंदांचं तरी असतं. तुमच्या कॅप्चरमध्ये आधी हे तपासून घ्या, मगच सर्व्हरकडचं कॅप्चर शेजारी उघडा.