म्हणे भाजलेला पापड चालतो!

कोण म्हणतं चालतो? बीपीच्या आईला तळलेला पापड नको, भाजलेला द्या, हे ज्ञान प्रत्येक नातेवाईक फुकट वाटत फिरतो. अहो, भाजल्याने तेल वाचतं, मीठ नाही! पिठात मळलेलं मीठ गॅसवर उडून जात नाही. आणि उडदाच्या पापडात नुसतं मीठही नसतं, पापडखार असतो. तोही सोडियमचाच क्षार. म्हणजे एका पापडात सोडियम दोन दारांनी शिरतं आणि जिभेला त्यातलं एकच कळतं. "हा काही फार खारट नाही लागत" हा निकष म्हणूनच कुचकामी आहे.

बरं, पाकीट वाचावं म्हटलं तर ते वाचू देतील तर शपथ! पुढे हिरव्या पानाचं चित्र, "बेक्ड", "मल्टीग्रेन", "घरगुती चव". मागे मुंगीच्या पायाएवढी अक्षरं, आणि नेमक्या पोषणमूल्यांच्या तक्त्यावर दुकानदाराने ऑफरचं स्टिकर चिकटवलेलं. ते काढा सरळ. त्याखाली सोडियमची ओळ शोधा आणि फक्त 100 ग्रॅमचा आकडा बघा. शेजारचा "प्रति सर्व्हिंग"चा रकाना म्हणजे शुद्ध चलाखी. चिवड्याची सर्व्हिंग 20 ग्रॅम लिहायची, म्हणजे आकडा गोंडस दिसतो. घरात कोण 20 ग्रॅम चिवडा खातं? वाटी भरली की 40 ग्रॅम सहज होतो.

एका दिवसाचा हिशोब मांडू या. जागतिक आरोग्य संघटनेची प्रौढांसाठीची मर्यादा आहे दिवसाला 2000 मिलिग्रॅम सोडियम, म्हणजे सगळं मिळून साधारण 5 ग्रॅम मीठ. समजा पापडाच्या पाकिटावर 100 ग्रॅमला 1800 लिहिलंय आणि एक पापड 12 ग्रॅमचा आहे. दोन जेवणांना एकेक, झाले 430. लोणच्यावर 5000 असेल तर 10 ग्रॅमची एक फोड खारासकट 500. संध्याकाळी चहाबरोबर ती चिवड्याची वाटी, 100 ग्रॅमला 800 धरले तर 320. एकूण 1250! आणि यातलं एकही "जेवण" नाही, सगळं तोंडी लावणं. उरलेल्या 750 मध्ये, म्हणजे जेमतेम दोन ग्रॅम मिठात, दिवसभराची आमटी, भाजी, कणीक बसवायची. मग आमटी अळणी केली म्हणून आई रुसते, बोलणी स्वयंपाक करणाऱ्याला, आणि लोणच्याची बरणी टेबलावर मानाने बसलेली!

लोणच्यात मीठ चवीला नसतं, ते टिकवायला असतं. ते कमी केलं की बुरशी येते, म्हणून "कमी मिठाचं पण वर्षभर टिकणारं" असं कोणी सांगितलं तर आधी तक्ता मागा. फोड धुऊन खाण्याचा सल्लाही डोक्यात जातो. वरचा खार जातो, फोडीच्या आत मुरलेलं मीठ तिथेच राहतं. त्यापेक्षा कैरी बारीक चिरा, तिखट, मेथीची पूड आणि हिंग-मोहरीची गार फोडणी घाला, मीठ नाही. फ्रीजमध्ये ठेवून दोन दिवसांत संपवा.

घटकांच्या यादीत मीठ सापडलं म्हणून तिथेच थांबू नका. सैंधव, काळं मीठ ही नावं भारदस्त असली तरी ते मुख्यतः सोडियम क्लोराइडच. INS 500 म्हणजे सोडा, INS 621 म्हणजे मोनोसोडियम ग्लुटामेट. गोड बिस्किटातही सोडा आणि मीठ असतं. कुरमुरेही हलके म्हणून निरागस समजू नका, ते बहुतेक वेळा मीठ लावूनच भाजलेले असतात. ज्वारीच्या बिनमिठाच्या लाह्या घ्या, पण विकत घेण्याआधी दोन दाणे चाखा. बचत गटाच्या पापडाच्या पिशवीवर तक्ता नसेल तर किलोला मीठ किती आणि खार किती हे थेट विचारा. सांगता येत नसेल तर ठेवा परत.

संतापाचा कडेलोट होतो तो "लो सोडियम" मिठापाशी. दुकानदार सांगतो, "काका-काकूंना हेच द्या, बीपीचं आहे." त्यात सोडियमच्या काही भागाऐवजी पोटॅशियम क्लोराइड असतं. मूत्रपिंड अशक्त असेल, किंवा टेल्मिसार्टन, लोसार्टन, रामिप्रिल, स्पायरोनोलॅक्टोन यांपैकी गोळी चालू असेल, तर रक्तात पोटॅशियम वाढून हृदयाचे ठोके बिघडू शकतात. आणि बीपीच्या किती पेशंटांना यातलीच गोळी असते! डॉक्टरांना गोळ्यांची चिठ्ठी दाखवून, क्रिएटिनिन आणि पोटॅशियमचा रिपोर्ट बघून मगच ते पाकीट उघडायचं असतं. पण काउंटरवर "गोळी कोणती चालू आहे" हे कोणी विचारतं का? विचारतात काय, तर "पिशवी हवी का?"