«पाच तास वजा करा» हा फॉर्म्युला कुठे फसतो

«यूटीसीतल्या वेळा न्यूयॉर्कच्या वेळेत आणायच्या तर =A2-5/24 लिहा आणि कॉलमभर खाली ओढा. शेवटी वेळ म्हणजे आकडाच. उलट करायचे तर वजाऐवजी अधिक. गूगल शीट्समध्ये तर सेटिंगमधला टाइमझोन बदलला की तेवढेही करावे लागत नाही.» स्प्रेडशीट वापरणाऱ्यांना असा सल्ला दिला जातो.

वेळ म्हणजे आकडा, हे खरे आहे. स्प्रेडशीटमध्ये एक दिवस म्हणजे १, म्हणून एक तास म्हणजे १/२४. १० मार्च २०२४ रोजी सकाळचे सात हा सेलमध्ये ४५३६१.२९१६७ असा आकडा असतो. मात्र तो कोणत्या झोनमधला आहे याची नोंद सेलमध्ये कुठेही नसते. शीट्सच्या सेटिंगबद्दलचा दावा इथेच संपतो, कारण त्या सेटिंगमुळे NOW() सारख्या फंक्शनचे उत्तर बदलते; कॉलममध्ये आधीच असलेले आकडे जसेच्या तसे राहतात.

खरी चूक पाच या आकड्यात आहे. न्यूयॉर्क हिवाळ्यात यूटीसीच्या पाच तास मागे असते, उन्हाळी वेळ चालू असताना चारच तास. २०२४ मध्ये उन्हाळी वेळ १० मार्चला यूटीसी ०७:०० वाजता सुरू झाली आणि ३ नोव्हेंबरला ०६:०० वाजता संपली, म्हणजे ती २३८ दिवसांपेक्षा एकच तास कमी चालली. वर्षभराच्या नोंदी सारख्या पसरलेल्या असतील, तर या फॉर्म्युल्याने जवळपास दोन तृतीयांश ओळी एका तासाने चुकतात. चूक तासापुरती राहिली असती तर एक वेळ चालले असते, पण १५ जुलैची यूटीसी ०४:३० ची नोंद न्यूयॉर्कमध्ये १५ जुलैच्या ००:३० ची असताना इथे १४ जुलैची २३:३० होते, आणि रोजची बेरीज चुकीच्या दिवशी जाऊन बसते. टोकियोसारख्या उन्हाळी वेळ न पाळणाऱ्या ठिकाणांसाठी मात्र ठरावीक तास मिळवणे पुरेसे आहे. तिथे या सल्ल्याशी माझे भांडण नाही.

यावर उपाय म्हणजे बदलाच्या क्षणांचा छोटा तक्ता. F कॉलममध्ये फरक लागू होण्याचा यूटीसी क्षण आणि G मध्ये तासांचा फरक, असे चढत्या क्रमाने लिहावे.

```
F2: 2024-01-01 00:00   G2: -5
F3: 2024-03-10 07:00   G3: -4
F4: 2024-11-03 06:00   G4: -5
```

```
=A2+VLOOKUP(A2,$F$2:$G$4,2,TRUE)/24
```

शेवटच्या TRUE मुळे A2 एवढाच किंवा त्याच्या आधीचा सर्वांत जवळचा क्षण निवडला जातो. डॉलर चिन्हे विसरल्यास फॉर्म्युला खाली ओढताना तक्ताही खाली सरकतो. त्याहून फसवी चूक म्हणजे F3 मध्ये स्थानिक घड्याळातले ०२:०० लिहिणे: मग त्या दिवशीच्या यूटीसी ०२:०० ते ०७:०० मधल्या सगळ्या ओळी बिघडतात आणि बाकीचा कॉलम बरोबर असल्यामुळे कोणाच्या लक्षातही येत नाही. म्हणून सीमेवरच्या दोन वेळा तपासाव्यात. ०६:५९ चे उत्तर ०१:५९ यावे आणि ०७:०० चे ०३:००. मूळ फॉर्म्युला ०७:०० साठी ०२:०० दाखवतो, आणि न्यूयॉर्कच्या घड्याळात त्या दिवशी ०२:०० वाजलेच नव्हते.

उत्तर देण्याऐवजी फॉर्म्युला #VALUE! किंवा #N/A दाखवत असेल, तर `2024-03-10T07:00:00Z` अशी नोंद मजकूर म्हणून आलेली असण्याची शक्यता मोठी आहे. ISNUMBER ने ते कळते, आणि आधी आकडा करून घ्यावा लागतो:

```
=DATEVALUE(LEFT(A2,10))+TIMEVALUE(MID(A2,12,8))
```

राहिला «वजाऐवजी अधिक» हा भाग. ३ नोव्हेंबरला यूटीसी ०५:३० आणि ०६:३० या दोन्ही क्षणी न्यूयॉर्कचे घड्याळ ०१:३० दाखवते. वर दिलेल्या तक्त्यानेही दोन्ही ओळींचे उत्तर ०१:३० च येते, आणि ते बरोबरच आहे. पण नुसत्या ०१:३० वरून मागे जाताना चार तास मिळवायचे की पाच, हे कोणताच फॉर्म्युला सांगू शकत नाही, कारण ती माहिती सेलमध्ये उरलेलीच नसते. मूळ नोंदी घडल्या त्याच क्रमाने असतील तर स्थानिक वेळ एका ठिकाणी मागे उडी घेताना दिसते आणि त्या ओळीपासून पाच धरता येतात. कॉलम एकदा सॉर्ट केला की तो धागाही तुटतो. त्यामुळे मूळ यूटीसी कॉलम कधीही पुसू नये, नवी वेळ शेजारच्या कॉलममध्ये काढावी, आणि फाइल पुढे पाठवायची असेल तर लागू केलेला -४ किंवा -५ हा फरकही स्वतंत्र कॉलममध्ये सोबत द्यावा.