‘प्लॉट आपला, झाड आपलं’: बिल्डरच्या सोयीचा एक फॉरवर्ड

“झाड स्वतःच्या प्लॉटमध्ये असेल तर कुणाची परवानगी लागत नाही. सुकलेलं किंवा धोकादायक झाड कधीही पाडता येतं. बिल्डरचा प्लॅन पास झाला की झाडांची परवानगी त्यातच येते. आणि एकदा तोडल्यावर तक्रार करून उपयोग नाही, हजार रुपये दंड भरून तो मोकळा होतो.”

सोसायट्यांच्या ग्रुपवर, विशेषतः पुनर्विकासाची बोलणी चालू असताना, हे फिरत असतं. मुद्दे एकेक करून घेऊ. संदर्भ महाराष्ट्रातल्या शहरांचा.

जागेच्या मालकीपासून सुरुवात करू. महापालिका आणि नगरपालिका हद्दीत १९७५ चा नागरी क्षेत्रातील झाडांचे जतन करणारा कायदा लागू होतो. त्याच्या कलम ८ मध्ये जमीन स्वतःच्या मालकीची असो वा नसो, वृक्ष प्राधिकरणाच्या पूर्वपरवानगीशिवाय झाड तोडता येत नाही, असं स्पष्ट आहे. हद्दीबाहेरच्या गावांत १९६४ चा वेगळा कायदा चालतो. तिथे साग, आंबा, फणस, चिंच अशी ठरावीक जातींची यादी आहे. शहराशेजारच्या गावातला माणूस “आमच्याकडे तर चालतं” म्हणतो, त्याचं मूळ बहुतेक वेळा इथे असतं.

याच कायद्यात ‘तोडणे’ची व्याख्या रुंद आहे. जाळणं आणि कोणत्याही प्रकारे इजा करणंही त्यात येतं. बुंध्याला ड्रिलने भोकं पाडून रसायन ओतायचं आणि वरून सिमेंट लावायचं, साल गोल सोलून काढायची, पाया खोदताना जेसीबीने एका बाजूची मुळं उडवायची, हे सगळं तोडणंच. अशा वेळी झाड अचानक, कधी एकाच बाजूने, पिवळं पडू लागतं. पानं संशयास्पद वाटली तर आधी जमिनीपासून दोन-तीन फुटांपर्यंतचा बुंधा नीट बघा. बारीक भुसा किंवा ताज्या सिमेंटचे गोल ठिपके दिसले, तर लगेच फोटो काढा. ‘सुकलेल्या’ झाडांपैकी काही झाडं अशी सुकवलेली असतात.

खरोखर वाळलेल्या, रोगट किंवा जीवाला धोका असलेल्या झाडाला प्राधिकरण परवानगी नाकारू शकत नाही, हे खरं. फॉरवर्ड लिहिणाऱ्याने इथे अर्धंच वाचलेलं दिसतं. परवानगी नाकारता येत नाही याचा अर्थ ती मागावी लागत नाही असा नव्हे. झाड धोकादायक आहे हे वृक्ष अधिकारी पाहणी करून ठरवतो, कंत्राटदार नाही. छाटणीची परवानगीही वेगळी असते. तेवढाच कागद दाखवून झाड बुंध्यापर्यंत बोडकं केलं, तर तो परवानगीचा भंग आहे.

आता मंजूर प्लॅनचं. बांधकाम परवाना एका खात्याचा, झाडांची परवानगी दुसऱ्या यंत्रणेची. झाडांच्या अर्जासोबत प्रत्येक झाडाचं वर्णन, जागेचा नकाशा आणि कारण द्यावं लागतं. मग वृक्ष अधिकारी पाहणी करतो, वर्तमानपत्रात जाहीर सूचना निघते आणि झाडावरही ठळक जागी नोटीस लागते. हरकत आली की विषय पुन्हा प्राधिकरणापुढे जातो. परवानगी मिळाल्यावरही १५ दिवस कुऱ्हाड लावता येत नाही. म्हणून झाडावर कधी नोटीसच दिसली नसेल, तर चौकशीला तेवढं कारण पुरेसं आहे.

परवानगीपत्र हाती आलं की त्यातला तक्ता वाचा. झाडाचा क्रमांक, जात, घेर, वय आणि निर्णय (तोडणे, पुनर्रोपण किंवा जागेवर राखणे) अशा नोंदी त्यात पाहायच्या. समजा आवारात १४ झाडं आहेत. तीन तोडायला, चार पुनर्रोपणाला परवानगी आहे, सात राखायची आहेत. तोडायच्या तिघांची वयं १२, २० आणि ३५ लिहिली आहेत. २०२१ च्या दुरुस्तीनुसार तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी रोपं लावायची असतात, म्हणजे १२ + २० + ३५ = ६७. रोपं सहा ते आठ फूट उंचीची हवीत आणि सात वर्षं जगवायची जबाबदारी असते. वय कमी दाखवण्यात फायदा कुणाचा, हे वेगळं सांगायला नको. पन्नास किंवा जास्त वर्षांचं झाड तर ‘प्राचीन वृक्ष’ ठरतं आणि त्याचे नियम आणखी कडक आहेत. त्यामुळे ५५ वर्षांचा पर्जन्यवृक्ष कागदावर ४० चा झाला असेल, तर तिथे बोट ठेवा. सोसायटीचे जुने फोटो, इमारतीचं साल, छातीच्या उंचीवर टेपने मोजलेला घेर हे पुरावे कामी येतात. बुंध्यातली वर्तुळं मोजण्यावर विसंबू नका. सागाची स्पष्ट असतात, पण आपल्याकडच्या कित्येक झाडांत वर्षाला एक वर्तुळ हा हिशेब लागत नाही.

राहिली तक्रार. कायद्यात प्रत्येक झाड हा वेगळा गुन्हा आहे आणि शिक्षेत दंडासोबत एक आठवडा ते एक वर्ष कैद आहे. तक्रारी पडतात त्या बहुधा पुराव्याअभावी. तोड शनिवारी संध्याकाळी किंवा सुट्टीला होते, सोमवारी माणूस येईपर्यंत खोडही उपटलेलं असतं.

करवत चालू असेल तर ११२ वर फोन करा आणि त्याच वेळी महापालिकेच्या तक्रार क्रमांकावर नोंद करून तिचा क्रमांक लिहून ठेवा. मुंबईत तो १९१६ आहे. मुकादमाकडे परवानगीपत्र मागा. दाखवलं तर फोटो घ्या, नाही दाखवलं तर तसं तक्रारीत लिहा. फोटोत इमारत किंवा विजेचा खांब येईल असं बघा, म्हणजे जागेवर वाद राहत नाही. खोडाचा घेर टेपसकट टिपा आणि ओंडके नेणाऱ्या ट्रकचा नंबर घ्या. आवाराच्या आत न शिरता, रस्त्यावरून किंवा स्वतःच्या गॅलरीतून फोटो काढलेले बरे.

लेखी अर्ज वृक्ष अधिकाऱ्याच्या नावे द्या, प्रत प्रभाग कार्यालयाला आणि पोलीस ठाण्याला. मजकूर एवढा पुरतो: “दि. … रोजी … वाजता … सर्व्हे नंबरच्या जागेत … जातीची … झाडे तोडण्यात आली. जागेवर परवानगीपत्र दाखवण्यात आले नाही. तातडीने पंचनामा करून कलम २१ नुसार गुन्हा नोंदवण्यासाठी पोलिसांत तक्रार द्यावी.” शेवटचं वाक्य गाळू नका, कारण पोलीस बहुतेकदा “महापालिकेचं पत्र आणा” म्हणतात. प्रतीवर आवक शिक्का आणि क्रमांक घेतल्याशिवाय टेबल सोडू नका.

दुसरी प्रत बांधकाम परवानगी खात्याला द्या. दंडाला न घाबरणारा बिल्डर भोगवटा प्रमाणपत्राला घाबरतो, कारण तिथे उद्यान विभागाचा ना-हरकत दाखला आडवा येऊ शकतो. तुमची तक्रार त्या फाइलमध्ये लागलेली असली पाहिजे.

सोबत माहिती अधिकारात, दहा रुपयांत, पाच गोष्टी मागा: मूळ अर्ज, झाडांचा नकाशा, पाहणी अहवाल, जाहीर सूचनेचं कात्रण आणि परवानगीपत्र. उत्तराची मुदत ३० दिवस आहे. ‘अशी परवानगी अभिलेखावर नाही’ हे उत्तर आलं तर तुमचं प्रकरण जवळजवळ सिद्ध झालं. परवानगी निघाली, पण तोडलेल्या झाडांची संख्या तक्त्याशी जुळत नसेल, तर फरकाच्या झाडांपुरती नवी तक्रार करा. एवढं होऊनही कार्यालय हललं नाही, तर उच्च न्यायालयात रिट याचिकेसाठी वकिलाकडे जाताना हीच फाइल न्यायची.